निरोपाची वही

दहावीच्या निरोपसमारंभात फिरलेल्या आठवणवह्या मी पुष्कळ चाळल्या आहेत. ‘सुयश चिंतितो’ यापलीकडे त्यांत क्वचितच काही सापडते. कारण कोरे पान पुढे आले की मुलांना काही सुचत नाही. म्हणून पानाच्या माथ्यावर नेमका प्रश्न लिहून द्यावा : ‘नववीच्या मुलांना कोणती एक गोष्ट आधीच सांगाल?’ एका मुलीने उत्तर लिहिले होते, “प्रयोगवही दर शनिवारी पुरी करा. मी १६ प्रयोग एका रात्रीत उतरवले आणि तोंडी परीक्षेत एकही सांगता आला नाही.” असा सल्ला धाकट्यांना पटतो, त्यात उपदेश नसून अनुभव असतो. मात्र ही पाने आठवडाभर आधी लिहून घ्यावीत. समारंभाच्या दिवशी डोळे भरलेले असतात आणि लेखणी पुन्हा ‘सुयश’च लिहिते!