एका सेकंदाला किती किलोओहम?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत जाऊन नुसतं ‘पाच-पाच-पाच द्या’ म्हटलं, तरी दुकानदार पुढचं काही विचारत नाही. आठ पायांची एक काळी आयसी काउंटरवर येते. लुकलुकणारा दिवा, दारावरची पिपाणीसारखी वाजणारी घंटा, खेळण्यातला सायरन अशा कितीतरी गोष्टी तिच्यावर चालतात. या सगळ्यांत तिचं काम एकच असतं. तिची आउटपुटची पिन ठरावीक वेळ चालू राहते, मग ठरावीक वेळ बंद होते, आणि कुणी हात न लावता हे चालूच राहतं. दोन्हींपैकी कुठल्याच अवस्थेत ती स्थिरावत नाही, म्हणून या जोडणीला अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर म्हणतात.

डिप्लोमाच्या मुलांना तिचं सूत्र तोंडपाठ असतं. त्यातला 0.693 हा आकडा कुठून आला, असं विचारलं की मात्र बरेच जण वहीकडे बघतात. तो आकडा समजला की सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही.

जोडणीत दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. बॅटरीच्या धन टोकापासून R1, त्याच्याखाली R2, त्याच्याखाली कपॅसिटर C आणि मग ऋण टोक, अशी एकाखाली एक उतरंड. R1 आणि R2 जिथे भेटतात तिथे आयसीची 7 नंबरची पिन, आणि कपॅसिटरच्या वरच्या टोकाला 2 आणि 6 या पिना एकत्र. कपॅसिटर ही टाकी समजा. ती R1 आणि R2 या दोन्ही नळ्यांतून भरते. पिन 6 वरच्या खुणेवर लक्ष ठेवते, पिन 2 खालच्या. पाणी वरच्या खुणेला पोहोचलं, की आयसी आउटपुट बंद करते आणि पिन 7 आतून जमिनीला जोडते. आता टाकी R2 मधून रिकामी होऊ लागते. खालची खूण आली की पिन 7 सुटते, आउटपुट पुन्हा चालू होतं, टाकी पुन्हा भरू लागते.

गंमत त्या दोन खुणांत आहे. आयसीच्या पोटात 5 किलोओहमचे तीन सारखे रेझिस्टर आहेत. ते बॅटरीच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करतात, म्हणून खालची खूण एकतृतीयांशावर आणि वरची दोनतृतीयांशावर बसते. (555 हे नाव या तीन पाचांवरून पडलं अशी समजूत आहे. पण आयसीचे रचनाकार हान्स कामेन्झिंड यांनीच पुढे सांगितलं, की तो आकडा मार्केटिंगच्या माणसाने निवडला होता.) 9 व्होल्टची बॅटरी घेतली तर खुणा 3 आणि 6 व्होल्टवर येतात. कपॅसिटर 3 व्होल्टवर असतो तेव्हा त्याला पूर्ण भरायला 6 व्होल्ट कमी असतात, आणि 6 व्होल्टवर आला की 3 कमी. म्हणजे राहिलेलं अंतर बरोबर निम्मं झालं. उतरतानाही 6 चे 3, पुन्हा निम्मेच. रेझिस्टरमधून भरणाऱ्या कपॅसिटरला अंतर निम्मं करायला लागणारा वेळ असतो रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स गुणिले 0.693. किरणोत्सारी पदार्थांच्या अर्धायुष्याच्या गणितात भेटतो तोच हा आकडा, 2 चा नैसर्गिक लॉगॅरिथम. बॅटरी 9 ची असो वा 12 ची, खुणा तिच्याबरोबरच सरकतात, त्यामुळे वेळ बदलत नाही.

भरताना वाटेत दोन्ही रेझिस्टर असतात, रिकामं होताना एकटा R2. सूत्र आपोआप हाती येतं:

```
चालू वेळ    = 0.693 × (R1 + R2) × C
बंद वेळ     = 0.693 × R2 × C
वारंवारता   = 1.44 / ((R1 + 2×R2) × C)
ड्यूटी सायकल = (R1 + R2) / (R1 + 2×R2)
```

सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा करू. R1 10 किलोओहम, R2 68 किलोओहम, C 10 मायक्रोफॅरड. किलोओहमला मायक्रोफॅरडने गुणलं की उत्तर थेट मिलिसेकंदांत येतं, म्हणून शून्यांच्या रांगा मांडायला नकोत. चालू वेळ 78 × 10 × 0.693, म्हणजे 541 मिलिसेकंद. बंद वेळ 68 × 10 × 0.693, म्हणजे 471. एक फेरी 1.012 सेकंदांची आणि वारंवारता 0.99 हर्ट्झ. फेरीतला जेवढा हिस्सा आउटपुट चालू असतं त्याला ड्यूटी सायकल म्हणतात. इथे ती 53 टक्के आहे. पहिली चमक मात्र लांब, सुमारे 0.86 सेकंदांची असते, कारण तेव्हा कपॅसिटर 3 पासून नव्हे, शून्यापासून भरतो. त्यात काही बिघाड नाही.

ड्यूटी सायकल 50 च्या खाली आणायला सूत्रच मनाई करतं. चालू वेळेत R1 जादा आहे, म्हणून ती नेहमी बंद वेळेपेक्षा मोठीच. मग काही जण R1 काढून तिथे नुसती तार लावतात. तसं केलं, तर पिन 7 जमिनीला जोडली जाते त्या क्षणी बॅटरी थेट तिच्यातून शॉर्ट होते आणि आयसी जाते. R1 ला 1 किलोओहमच्या खाली नेऊ नये. पुस्तकात R2 ला समांतर डायोड लावायला सांगतात. तो उपाय चालतो, पण डायोड स्वतःसाठी 0.6 व्होल्ट ठेवून घेतो. 9 व्होल्टला भरण्याचा वेळ त्यामुळे सुमारे 17 टक्क्यांनी वाढतो, 5 व्होल्टला 35 च्या आसपास, म्हणजे बॅटरीशी असलेली निरपेक्षता गेली. माझ्या मते नुसता दिवाच लुकलुकवायचा असेल तर तो उलटा जोडावा, धन टोक आणि पिन 3 यांच्यामध्ये. आउटपुट बंद असेल तेव्हा तो पेटेल. R1 120 आणि R2 10 किलोओहम घेतले, तर दर 0.97 सेकंदांनी फक्त 0.07 सेकंदाची चमक मिळते.

जोडणी चालली नाही तर डिजिटल मल्टिमीटर कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा. आकडा 3 आणि 6 च्या मध्ये झोके घेत असेल, तर दोष पिन 3 च्या पुढे आहे; एलईडी उलटा लागला असेल. आकडा 9 ला जाऊन बसला तर पिन 6 किंवा 7 ची तार सुटली आहे. मध्येच 4-5 व्होल्टवर अडकला, तर कपॅसिटर गळतो आहे. मोठा वेळ मिळवायला लोक एकूण 1 मेगओहम लावतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळतीही तेवढीच असली तर तो 4.5 च्या वर चढणारच नाही, आणि दिवा कायम पेटलेला राहील.

सगळं नीट जोडूनही वेळ कागदावरच्यासारखी येत नाही. मी वर दिलेली पहिली जोडणी करून पहिली चमक सोडली आणि पुढच्या 60 फेऱ्या मोजल्या. 61 च्या जागी 68 सेकंद लागले. रेझिस्टर मोजून पाहिले तर ते बरोबर होते. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत छापील आकड्यापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते. सूत्र उलटं मांडलं तर माझा 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर प्रत्यक्षात 11.2 चा निघाला.