एक पत्ता, पण सगळ्यांना सगळं नको

चाकणची दुपारची शिफ्ट सुरू झाली की मोशी-चिखलीच्या कितीतरी घरांतला एक फोन रात्रीपर्यंत गप्प होतो. बऱ्याच कंपन्यांत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, नाहीतर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आणि घराच्या सामाईक ईमेलचा ओटीपी नेमका त्याच फोनवर येतो.

मोशीत आमच्या शेजारच्या घरी हेच चाललं होतं. लाइट बिल, मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीच्या शाळेच्या सूचना, सगळं एका जीमेलवर. पासवर्ड चाकणला शिफ्टला जाणाऱ्या दादांचा, पण माहीत घरातल्या सगळ्यांना. अप्रेंटिस म्हणून लातूरहून आलेल्या भाच्यालाही तो दिलेला होता. महावितरणच्या ‘गो-ग्रीन’ योजनेत छापील बिल बंद करून ईमेलवर घेतलं की बिलात सूट मिळते. ती यांनी घेतली होती, म्हणजे दारात कागद पडणं थांबलेलं. एका महिन्यात घरातल्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, बिलाची मेल उघडून पाहिली. उघडल्यावर तिची ठळक अक्षरं गेली. वहिनींना वाटलं, दादांनी वाचलंय म्हणजे भरलंही असेल. मुदत टळून गेली, तेव्हा कुठे लक्षात आलं. मेल वाचली गेली आणि काम झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका पासवर्डवर सगळेजण वाचत असले की त्यांतला फरक कोणालाच दिसत नाही.

गुरुवारी दादांना सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो. फोनच्या ॲपमधून ही जोडणी करता येत नाही, संगणकच लागतो. जीमेलच्या `Settings` मध्ये `Accounts and Import` आणि त्यात `Grant access to your account`. तिथे वहिनींचा स्वतःचा जीमेल पत्ता टाकला. त्यांच्याकडे मेल आली, त्यांनी होकार दिला. आता त्या आपल्याच खात्यातून घराची पेटी उघडतात. दादांचा ओटीपी लागत नाही. त्या मेल वाचू शकतात, उत्तर देऊ शकतात, पुसूही शकतात, पण पासवर्ड बदलू शकत नाहीत.

दादांचा विचार होता की आबांना आणि मुलीलाही असंच जोडावं. मी नको म्हटलं. या सोयीची मोठी मर्यादा अशी की ती अर्धवट देता येत नाही. फक्त बिलं दाखवा, शाळेचं लपवा, असं होत नाही. ज्याला दिली त्याला सगळी पेटी दिसते. नववीतली मुलगी तेवढ्यात म्हणालीच, “माझे मार्क आबा का वाचणार?” तिचं म्हणणं मला अगदी रास्त वाटलं. उलट बाजूही आहे. पुसायची मुभा असलेल्या पेटीत वर्गशिक्षिकांची तक्रार आली, तर नववीतल्या पोरीच्या हाताला मोह होऊ शकतो.

म्हणून त्या दोघांसाठी फिल्टर केले. आधी `Forwarding and POP/IMAP` मध्ये आबांचा आणि मुलीचा पत्ता नोंदवला आणि त्यांना आलेले कोड टाकून ते पक्के केले. मग शोधपट्टीत

```
from:(mahadiscom.in)
```

टाकून फिल्टर बनवला: ‘लाइट बिल’ लेबल, एक तारा आणि आबांना प्रत. शाळेच्या पत्त्याचा वेगळा फिल्टर, त्याची प्रत मुलीला. हे फक्त पुढे येणाऱ्या मेलसाठी चालतं, जुन्या मेल आपोआप जात नाहीत. पण आता आबांनी त्यांची प्रत कितीदाही उघडली, तरी मूळ पेटीतली मेल ठळकच राहते. तारा काढायचा तो बिल भरणाऱ्यानेच. तारा दिसतोय म्हणजे पैसे जायचेत.

भाच्याला काहीच दिलं नाही. त्याच्या वाट्याचे लाइटचे पैसे त्याला सांगितले की झालं. त्यात त्याच्यावर अविश्वास नाही. उद्या तो दुसरीकडे खोली घेईल, आणि जुना पासवर्ड त्याच्या फोनमध्ये तसाच राहील. म्हणून पासवर्ड त्याच दिवशी बदलला आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून त्याचा फोन काढला.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. दादांच्या बँकेचं खातंही याच पत्त्यावर होतं. पासवर्ड विसरलो म्हणून कळवलं की काही बँका नवा करायचा ओटीपी किंवा लिंक ईमेलवरही पाठवतात. त्यामुळे घराची पेटी ज्याला दिसते, त्याच्या हाती बँकेच्या दाराची अर्धी वाट लागते. बँक आणि पीएफ दादांच्या खासगी पत्त्यावर हलवले.

उरला प्रश्न दादांचा फोन हरवला तर काय याचा. गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून वहिनींनी घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवले. खातं परत मिळवायचा नंबर म्हणून वहिनींचाच मोबाइल घातला, कारण दुपारी तो चालू असतो.