18.2 दिसलं म्हणजे पाणी शुद्ध?

लॅबमधल्या टाइप 1 पाण्याच्या मशीनवर 18.2 MΩ·cm दिसतं. ही 25 अंश सेल्सिअसला पाण्याची रोधकता. विरघळलेले क्षार जितके कमी, तितका आकडा मोठा. टाइप 2 ला 1 सुद्धा चालतो.

पण तेच 18.2 वालं पाणी बीकरमध्ये घेऊन मोजलं, तर आकडा भराभर उतरतो. मशीन बिघडलेलं नसतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. म्हणून मी मशीनच्या पाइपातल्या मीटरचंच ऐकतो. सोडियम अब्जात एक भाग इतकं मोजायचं असेल, तर पाणी ताजं घ्या, तेही प्लास्टिकमध्ये. काच स्वतःच सोडियम सोडते.

आणि आरएनए कापणारं आरएनेझ? त्याचा थोडासा अंशही प्रयोग बिघडवतो, पण मीटर 18.2 च दाखवतो! त्यासाठी नळाला अल्ट्राफिल्टर हवा.