सातचा पाढा कुत्र्याला लागू पडत नाही

समजा, एकाच इमारतीत दोन कुत्रे राहतात. तळमजल्यावर मोती, सात किलोचा पॉमेरियन. तिसऱ्या मजल्यावर शेरू, साठ किलोचा ग्रेट डेन. दोघांचाही आठवा वाढदिवस एकाच आठवड्यात येतो आणि केक कापताना कुणीतरी हमखास हिशोब मांडतं, ‘आठ साते छपन्न. म्हणजे आता दोघंही छपन्न वर्षांचे झाले की!’

मोती सोफ्यावर उडी मारून बसलेला असतो. शेरूला मात्र फरशीवरून उठताना मागचे पाय दोनदा सावरावे लागतात. छपन्न हा आकडा दोघांनाही बसत नाही. मोतीचं वय तो जास्त दाखवतो, शेरूचं कमी.

‘कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशोब कुठल्या प्रयोगातून आलेला नाही. तो साधा भागाकार आहे. माणूस साधारण सत्तर वर्षं जगतो आणि कुत्रा दहा, म्हणून सत्तर भागिले दहा. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा आकडा लोकांच्या तोंडी बसला, पण अशा तुलनेची हौस फार जुनी आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये १२६८ सालची नक्षीदार फरशी आहे. तिच्यावरच्या लेखात कुंपणाचं आयुष्य तीन वर्षं धरून पुढे प्रत्येक वेळी तिप्पट करत नेलं आहे. त्या हिशोबात कुत्र्याला नऊ वर्षं येतात आणि माणसाला एक्याऐंशी. म्हणजे तेव्हाचं गुणोत्तर एकास नऊ होतं.

सात घ्या किंवा नऊ, मुळातली चूक एकच आहे. दोघांची आयुष्यं सारख्याच चालीने पुढे सरकतात आणि फरक फक्त वेगाचा आहे, असं हा भागाकार गृहीत धरतो. ते खरं नाही, हे पिल्लाचं तोंड उघडून पाहिलं तरी कळतं. पिल्लाला आधी २८ दुधाचे दात येतात. ते पडून सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात आलेले असतात. सातच्या पाढ्याप्रमाणे सात महिन्यांचं पिल्लू म्हणजे चार वर्षांचं मूल. पण चार वर्षांच्या मुलाचा दुधाचा एकही दात सहसा हललेला नसतो. मादी पिल्लू बऱ्याचदा सहा ते दहा महिन्यांत पहिल्यांदा हीटवर येतं आणि वर्षाच्या आत तिला पिल्लं होऊ शकतात. सात वर्षांच्या मुलीशी तिची तुलना कशी करणार?

दुसऱ्या टोकालाही तीच गत. ऑस्ट्रेलियातल्या ब्लूई नावाच्या गुरं हाकणाऱ्या कुत्र्याचं आयुष्य २९ वर्षं ५ महिने नोंदलं गेलं आहे. १९३९ मध्ये तो गेला. सातने गुणलं तर त्याचं वय दोनशेच्या पुढे जातं. कुत्र्याचं वय सुरुवातीला झपाट्याने धावतं आणि पुढे त्याची चाल मंदावते. सरळ रेषेचा पाढा ही वळणं पकडूच शकत नाही.

हे वळण नेमकं कसं आहे, हे २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी मोजून पाहिलं. वय वाढतं तसे डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक ठिपके काही ठिकाणी वाढतात, तर काही ठिकाणी पुसले जातात. हे बदल माणसात आणि कुत्र्यात बऱ्याच सारख्या क्रमाने होतात. झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तसे हे ठिपके वाचता येतात. संशोधकांनी चार आठवड्यांच्या पिल्लापासून सोळा वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत १०४ लॅब्रॅडॉर तपासले आणि माणसांच्या नोंदींशी ताडून एक सूत्र मांडलं:

माणसाचं वय = १६ × ln(कुत्र्याचं वय) + ३१

यातलं ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर त्याचं वेगळं बटण असतं. एक वर्षाच्या लॅबसाठी उत्तर येतं ३१. दोन वर्षांच्या कुत्र्याला ४२, चार वर्षांच्या कुत्र्याला ५३, आठ वर्षांच्या कुत्र्याला ६४. पहिल्या वर्षात एकतीस, दुसऱ्यात अकरा, आणि चौथ्यापासून आठव्यापर्यंतच्या चार वर्षांत मिळूनही अकराच.

पण हे सूत्र जसंच्या तसं मोतीला किंवा शेरूला लावू नये. एक तर ते एकाच जातीवर बेतलेलं आहे. शिवाय ते डीएनएवरच्या खुणांचं वय सांगतं. वर्षाचा लॅब हा एकतीस वर्षांच्या माणसासारखा पोक्त असतो, असा त्याचा अर्थ नाही. चपला कुणी कुरतडल्या हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

रोजच्या वापरासाठी पशुवैद्यकांचा ढोबळ हिशोब अधिक सोयीचा. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं पहिलं वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांएवढं, दुसरं आणखी नऊ वर्षांएवढं आणि पुढचं प्रत्येक वर्ष साधारण पाच वर्षांएवढं. यातला ‘मध्यम आकाराच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लहान कुत्र्यात पुढचं प्रत्येक वर्ष सुमारे चार वर्षांचं पडतं. मोतीचा हिशोब असा: पहिल्या दोन वर्षांचे चोवीस, वर सहा चोक चोवीस, एकूण अठ्ठेचाळीस. ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा पहिल्या दोन वर्षांत उलट थोडा मागे असतो, कारण त्याचं अंग भरायलाच जास्त वेळ लागतो. नंतर मात्र तो सगळ्यांना मागे टाकतो. प्रचलित तक्त्यांत आठ वर्षांचा असा कुत्रा चौसष्टच्या घरात जातो.

एक अठ्ठेचाळीस, दुसरा चौसष्ट. या दोघांची सरासरी काढा, बरोबर छपन्न येते. सातचा पाढा सरासरीला खरा ठरतो आणि समोरच्या दोन्ही कुत्र्यांच्या बाबतीत खोटा.

आता खरं कोडं. प्राण्यांच्या जगात सहसा मोठं शरीर म्हणजे दीर्घ आयुष्य. उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो, हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो. मग कुत्र्यांत हे उलटं का?

२०१३ मध्ये कॉर्नेलिया क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४ जातींच्या ५६ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की शरीराच्या दर दोन किलो वाढीमागे अपेक्षित आयुष्य साधारण एक महिन्याने घटतं. तीस किलोच्या आणि साठ किलोच्या जातींमध्ये या हिशोबाने सव्वा वर्षाचं अंतर पडतं. आयुष्य घटण्याचं मुख्य कारण त्यांना वार्धक्याच्या वेगात सापडलं. एकदा उतार लागला की मोठ्या कुत्र्यांत मृत्यूचा धोका दर वर्षी लहानांपेक्षा भराभर वाढत जातो.

वेग वाढण्यामागे वाढीचीच किंमत आहे. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः अर्धा किलोच्या आसपास असतं आणि वर्षभरात चाळीस-पन्नास किलोंवर पोहोचतं, म्हणजे जवळपास शंभरपट. माणसाचं तीन किलोचं बाळ वीसपट व्हायला अठरा वर्षं घेतं. एवढ्या झपाट्याने वाढायचं म्हणजे पेशींनी सतत विभागत राहायचं. प्रत्येक विभागणीत डीएनएची नक्कल उतरवावी लागते आणि नक्कल जितक्या वेळा उतरवाल तितक्या चुका शिरण्याची शक्यता वाढते. या वाढीला हुकूम देणाऱ्यांपैकी एक म्हणजे आयजीएफ-१ हे संप्रेरक. लहान जातींमध्ये त्याच्या जनुकाचं वेगळं रूप आढळतं आणि रक्तातलं प्रमाणही कमी असतं, हे २००७ मध्ये दिसून आलं. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्येही या साखळीचा जोर कमी केला की ते खुजे राहतात आणि जास्त जगतात.

मग हत्ती कसा तरतो? हत्तीचं अंग लाखो वर्षांत हळूहळू वाढलं आणि त्याबरोबर कर्करोग रोखणारी यंत्रणाही मजबूत होत गेली. ग्रेट डेनला तेवढी सवड मिळाली नाही. आजच्या बहुतेक कुत्र्यांच्या जाती माणसाने गेल्या दोनेकशे वर्षांत निवडून पैदास करत घडवल्या. अंग वाढलं, राखणदार तेवढेच राहिले, असं काही अभ्यासक याचं स्पष्टीकरण देतात. मोठ्या कुत्र्यांत हाडांचे आणि इतर कर्करोग जास्त दिसतात, ते या स्पष्टीकरणाशी जुळतं. भरीला हृदयाचे स्नायू सैल पडतात, सांधे झिजतात आणि छाती खोल असल्यामुळे पोट फुगून पिळण्याचा धोका असतो. पोट ढोलासारखं ताणलं आहे, कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याला तासाभराच्या आत दवाखान्यात पोहोचवायला हवं.

आकार हे एकमेव कारण मात्र नाही. ब्रिटनमधल्या ५ लाख ८४ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात लॅब्रॅडॉरचं मध्यक आयुष्य तेरा वर्षांच्या आसपास निघालं, तर त्याच्या निम्म्याहून हलक्या फ्रेंच बुलडॉगचं दहा वर्षांच्याही आत. बसकं नाक, कोंडलेला श्वास आणि मर्यादित रक्तसंबंधांतली पैदास लहान आकाराचा फायदा पुसून टाकते.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. कुत्र्याची चण जनुकांनी ठरते, चरबी मात्र आपल्या हातात असते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला नेहमीसारखं आणि दुसऱ्याला पाव हिस्सा कमी खाणं जन्मभर दिलं गेलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य तेरा वर्षं भरलं, भरपेट खाणाऱ्यांचं ११.२. म्हणजे पावणेदोन वर्षांहून जास्त फरक फक्त वाटीच्या मापाने पडला. बरगड्यांवरून हात फिरवताना त्या हलक्या दाबाने जाणवल्या पाहिजेत आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. चहाबरोबर बिस्किटं फेकताना हे लक्षात ठेवावं.

आपल्या कुत्र्याचं माणसातलं वय नेमकं किती, या प्रश्नापेक्षा ‘याच्या आयुष्यातला शेवटचा पाव हिस्सा कधी सुरू होतो?’ हा प्रश्न कामाचा. पशुवैद्यक त्या टप्प्यालाच म्हातारपण धरतात. मोतीसारख्या कुत्र्याचं अपेक्षित आयुष्य चौदा वर्षं धरलं तर ही रेघ साडेदहाला येते. शेरूची आठ-नऊ वर्षं धरली तर सहा ते पावणेसातलाच. त्या रेघेनंतर वर्षातून एकदाऐवजी दोनदा रक्त, लघवी, हृदय आणि दात तपासून घ्यावेत. उठताना अडखळणं, जिना टाळणं, पाणी अचानक जास्त पिणं, वजन घटणं या गोष्टी ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नयेत. यातल्या बऱ्याच दुखण्यांवर उपचार आहेत.

मोतीच्या माणसांकडे अजून दोन-अडीच वर्षं आहेत. शेरूच्या माणसांनी मात्र केक कापण्याआधी दवाखान्यात फोन करावा. त्यांची रेघ मागेच पडली आहे.