एक कुर्ती, बारा रंग

ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका ताईंची ही मेल. त्यांचा व्यवसाय लहान आहे. घरातल्या दोन खोल्यांत माल, तीन मशीनवर शिवण आणि बाकी सगळी विक्री मोबाइलवरून. मी फोटो एडिटिंगचं काम करतो आणि अशा मेल मला दर आठवड्याला येतात. ही त्यातली नमुनेदार म्हणून इथे देतो.

‘नमस्कार दादा, सोबत मॉडेलचे चार फोटो पाठवत आहे. आकाशी कुर्ती घालून शूट केलं आहे. हीच कुर्ती अजून अकरा रंगांत आहे : डाळिंबी, बॉटल ग्रीन, मोहरी, राणी, आमसुली, अबोली, शेवाळी, पांढरा, काळा, मोरपंखी आणि जांभळा-हिरवा धूपछाव. तेवढा रंग बदलून द्या. शुक्रवारी कॅटलॉग टाकायचा आहे.’

त्यांची अडचण खरी आहे. मॉडेल, फोटोग्राफर आणि स्टुडिओ यांचे पैसे तासांवर मोजले जातात. एक कुर्ती बदलायची म्हणजे नवी इस्त्री करायची, पाठीमागून क्लिपा लावून फिटिंग बसवायचं, केस पुन्हा सारखे करायचे. पंधरा मिनिटं धरली तरी बारा कुर्त्यांचे तीन तास फक्त बदलण्यात जातात. म्हणून एका रंगात शूट करायचं आणि बाकीचे रंग कॉम्प्युटरवर काढायचे, ही पद्धत मोठे विक्रेतेही वापरतात. त्यात गैर काही नाही. मात्र ‘तेवढा रंग बदलून द्या’ या चार शब्दांत बरंच काम दडलेलं असतं आणि गिऱ्हाइकाकडून माल परत येण्याचं कारणही बऱ्याचदा तिथेच सापडतं.

पहिला मोह असतो स्लायडरचा. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation नावाची सोय आहे. कुर्तीचा भाग निवडला आणि Hue ची पट्टी सरकवली, की आकाशीचा हिरवा होतो, हिरव्याचा पिवळा होतो. पाच सेकंदांचं काम. पण आकाशीपासून बॉटल ग्रीनकडे जाताना हाती येतो तो फिकट पिस्त्याचा रंग आणि मोहरीच्या जागी येतं लिंबाचं सरबत. कारण ही पट्टी रंगाची जात बदलते, त्याचा गडदपणा बदलत नाही. आकाशी हा मुळात उजळ रंग, त्यामुळे त्यातून निघणारं प्रत्येक पिल्लू उजळच निघतं. अशा कॅटलॉगमध्ये अकरा वेगळे रंग दिसतात खरे, पण ते सगळे एकाच उजेडाचे असतात.

हे ओळखायची परीक्षा कोणालाही घरी करता येईल. सगळे फोटो शेजारी शेजारी लावा आणि मोबाइलच्या एडिटमध्ये जाऊन कृष्णधवल करा. खरे कपडे असतील तर अबोली फिका राखाडी दिसेल, मोहरी त्याहून थोडा गडद, तर आमसुली जवळजवळ काळा. सगळ्या कुर्त्या साधारण एकाच राखाडी छटेच्या दिसल्या तर फक्त पट्टी सरकवलेली आहे, असं समजावं.

मग बरोबर पद्धत कोणती? त्यासाठी कापड आणि उजेड यांचं नातं बघावं लागतं. फोटोतला कुर्तीचा प्रत्येक ठिपका दोन गोष्टींनी बनतो : त्या जागी किती उजेड पडला आणि कापडाने त्यातला किती परत पाठवला. खांद्यावर उजेड जास्त पडतो, चुणीच्या खोबणीत कमी. कुर्ती कुठल्याही रंगाची असो, मॉडेल तीच आणि दिवे तेच असतील तर हा उजेड तसाच राहतो. बदलतो तो कापडाचा स्वभाव. स्वच्छ पांढरं सुती कापड पडलेल्या उजेडातला साधारण 80 टक्के परत पाठवतं, काळं कापड जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून मी आधी कुर्तीतला आकाशी काढून टाकतो आणि फक्त चुण्यांची सावली राखाडीत शिल्लक ठेवतो. मग तिला इतकी उजळतो, की सपाट, उजेडातला भाग पांढऱ्याजवळ येतो. त्यावर नव्या कापडाचा रंग Multiply या पद्धतीने चढवतो. नावाप्रमाणे तो खरोखर गुणाकार असतो : उजेड गुणिले कापड. असा चढवलेला बॉटल ग्रीन चुणीत गडद होतो, खांद्यावर खुलतो आणि कापडासारखा वागतो.

पण गुणायचं कशाने? इथे यादीतली नावं कामाची नाहीत. आमसुली म्हटल्यावर कोणाला ओलं आमसूल आठवतं, कोणाला बरणीतलं वाळलेलं. एकाचा डाळिंबी सालीचा असतो, दुसऱ्याचा दाण्याचा. त्या ताईंना मी उलट मेल केली : रंगांची नावं नकोत, प्रत्येक कापडाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, सगळे तुकडे एका पांढऱ्या कागदावर मांडा, सकाळी अकराच्या सुमारास खिडकीजवळ, पण थेट ऊन येणार नाही असे ठेवा, घरातला ट्यूब बंद करा आणि सगळ्यांचा मिळून एकच फोटो काढा. त्यात आकाशी कापडाचाही तुकडा हवाच.

या शेवटच्या अटीचं त्यांना नवल वाटलं, पण सगळं गणित तिच्यावर आहे. वेगवेगळे फोटो काढले तर मोबाइल प्रत्येक वेळी आपल्या मनाने उजेड आणि पांढरेपणा बदलतो. गडद तुकडा उजळून टाकतो आणि फिका दाबतो. एकाच फोटोत ही लबाडी सगळ्यांना सारखी लागू होते. आकाशी हा दोन्हीकडे असलेला दुवा ठरतो. आलेल्या फोटोत, शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पांढरा अशा मापावर, आकाशी भरला 72, मोहरी 64, डाळिंबी 33 आणि आमसुली 22. आता मॉडेलच्या फोटोतल्या आकाशीपासून प्रत्येक रंग किती खाली उतरवायचा, हे अंदाजावर राहिलं नाही. त्यांचा डाळिंबी मी मनात धरलेल्या लालपेक्षा बराच तपकिरीकडे झुकणारा निघाला. नावावर विसंबलो असतो, तर ज्यांनी तो विकत घेतला त्या प्रत्येकीला पाकीट उघडल्यावर दुसराच रंग दिसला असता.

सगळ्यात जास्त वेळ मात्र रंगात जात नाही, कडांमध्ये जातो. कुर्तीचा नेमका आकार कापून काढणं, त्याला आम्ही मास्क म्हणतो. समोरच्या फोटोचा मास्क करायला मला पाऊण तास लागला. खांद्यावर आलेल्या केसांच्या बटा, बाजूच्या कटमधून दिसणारी मागच्या पल्ल्याची आतली बाजू, बाहीच्या आतली पट्टी, गळ्यावरची पांढरी लेस, बटणं, सगळं वेगळं करावं लागतं. लेस सगळ्या रंगांत पांढरीच आहे की कापडाप्रमाणे बदलते, हेही विचारावं लागलं. एकदा मास्क झाला की तोच सगळ्या रंगांना चालतो, आणि पुढे एकेक रंग दहा मिनिटांत होतो. म्हणून एका रंगाला आणि दहा रंगांना सारखाच दर लावणं चूक, आणि ‘एक रंग इतका, तर दहाचे दसपट’ हेही चूक.

मास्कच्या बाहेरही आकाशी सांडलेला असतो. कापडावरून उडालेला उजेड हनुवटीखाली, दंडाच्या आतल्या बाजूला, कुर्तीला टेकलेल्या तळहातावर पडतो. कुर्ती डाळिंबी झाली आणि हनुवटीखाली निळसर छाया तशीच राहिली, तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण चेहरा आजारी वाटतो. तिथला निळा हलक्या हाताने उतरवून नव्या रंगाची किंचित झाक द्यावी लागते.

आता यादीतले अवघड रंग. पांढरा आणि काळा गुणाकाराला पुरते दाद देत नाहीत. पांढऱ्या कापडाच्या चुणीत उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर उडत राहतो, त्यामुळे त्याच्या सावल्या उथळ असतात. आकाशीच्या सावल्या तशाच ठेवल्या तर पांढरी कुर्ती मळकट दिसते, म्हणून त्या हाताने उजळाव्या लागतात. काळ्याचं उलट. सगळ्या चुण्या एका डागात बुडतात आणि कुर्ती कागदातून कापल्यासारखी दिसते, म्हणून चुण्यांच्या कडांवर उजेडाची बारीक रेघ परत आणावी लागते. तरी उजळ कापडावरून काळ्याकडे जाता येतं. काळी कुर्ती शूट करून तिचे रंग काढायला सांगितलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. साध्या जेपीजी फोटोत उजेडाच्या 256 पायऱ्या असतात. काळ्या कापडाच्या चुण्या त्यातल्या तीसेक पायऱ्यांत आटोपतात. त्या ताणून दीडशे पायऱ्यांवर पसरल्या की मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात आणि कापडावर पट्टे, दाणे उमटतात. म्हणून शूटसाठी फिका, साधा रंग निवडावा आणि तो दिव्याखाली इतका उजळू देऊ नये, की चुण्याच दिसेनाशा होतील.

राणी रंगाबद्दल त्यांना आधीच सांगून ठेवलं. काही राणी कापडांच्या रंगात असा घटक असतो, की ते डोळ्याला न दिसणारा उजेड पिऊन दिसणारा उजेड सोडतात आणि उन्हात पेटल्यासारखे वाटतात. मोबाइलच्या पडद्याला ते तेज दाखवता येत नाही. शक्य तितका जवळचा रंग दिला आणि वर्णनात ‘प्रत्यक्षात अधिक भडक’ असं लिहायला सांगितलं.

धूपछाव मी घेतला नाही. त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. चुणी वळली की जांभळ्याचा हिरवा होतो. आकाशी कुर्तीच्या फोटोत कुठली चुणी कुठे किती वळली आहे, याची नोंद फक्त सावलीत असते आणि सावलीवरून धाग्याचा रंग काढता येत नाही. त्याचा फोटो खराच काढावा लागतो.

मोरपंखीचा तुकडा पाकिटात नव्हताच. विचारल्यावर कळलं, की ते कापड अजून आलेलं नाही, पुढच्या महिन्यात येणार आहे. तो रंग मी नंतरसाठी ठेवला. जे कापड हातात नाही त्याचा फोटो बनवला तर तो फोटो कशाचा? येणारा ताका रंगाऱ्याकडून थोडा वेगळा आला तरी फोटो बदलणार नसतो. आणि ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे माल दाखवला तसा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. जाण्या-येण्याचा कुरिअर खर्च त्या तीन मशीनच्या कमाईतून गेला असता.

शेवटी नऊ रंगांचे चार-चार, असे छत्तीस फोटो गेले. पाठवण्याआधी ताईंनी एक काम केलं, जे मी प्रत्येकाला सांगतो. मोबाइलवर फोटो उघडला आणि खिडकीपाशी खरी कुर्ती त्याच्या शेजारी धरली. आमसुली जरा जास्त लाल वाटतो, असं त्यांनी कळवलं. मी तुकड्यांचा फोटो पुन्हा उघडून पाहिला. त्यांचं बरोबर होतं. चारही फोटो दुरुस्त करून पाठवले. कॅटलॉग शुक्रवारऐवजी शनिवारी लागला.