तापलेल्या कमानीचा रेटा

थंडीत बसवलेली, दोन बिजागऱ्यांची पोलादी पॅराबोलिक कमान मेमध्ये ३० अंशांनी तापली असे समजू. गाळा ४० मीटर, उंची h ८ मीटर, माथ्यावर EI ८ लाख kN·m², आणि I हा secθ प्रमाणे वाढणारा. टेकू सरकत नाहीत, म्हणून नुसत्या भाराखाली विकृती-ऊर्जेचे आडव्या रेट्यानुसार विकलन शून्य असते. तापल्यावर ते रोखलेल्या प्रसरणाइतके, αTL, होते. त्यातून H = 15EIαT/8h², म्हणजे सुमारे ८.४ kN.

दर मीटरला २० kN भाराने ५०० kN रेटा येतो, मग हे नगण्यच, असा आक्षेप येईल. पण समान भाराने, अक्षीय आखडणे सोडल्यास, बेंडिंग मोमेंट शून्य असतो. उष्णतेने माथ्यावर ६७ kN·m येतो आणि वरची बाजू ताणली जाते. छेद तोच ठेवून कमानीची उंची निम्मी केली तर हा मोमेंट दुप्पट होतो. म्हणून बसक्या कमानीत तापमान आधी तपासा.