डोस बदलण्याची नोंद: फार्मासिस्टने डॉक्टरांना काय लिहावे?

रुग्णालयातील फार्मासिस्टला औषधाच्या मात्रेत अडचण दिसली, तर तो केसपेपरवर डॉक्टरांसाठी छोटी नोंद करतो. तिच्यात चार गोष्टी लागतात : सध्याचा आदेश, अडचण, तिचा आधार आणि सुचवलेला बदल.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ७८ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या बाईंच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. त्यांना एनॉक्सापॅरिनचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर १२ तासांनी लिहिले आहे. वजनाप्रमाणे ही मात्रा बरोबर आहे. पण सकाळच्या अहवालात क्रिएटिनिन १.८ आले. वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २४ मिलिलिटर निघते. ती ३०च्या खाली गेली की हे औषध शरीरात साचू लागते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी तीच मात्रा दिवसातून एकदाच देतात.

फार्मासिस्ट लिहितो : “एनॉक्सापॅरिन ६० मिग्रॅ दर १२ तासांनी चालू आहे. वजन ६० किलो, क्रिएटिनिन १.८ (दोन महिन्यांपूर्वीही १.८), क्रिएटिनिन क्लिअरन्स अंदाजे २४. औषध साचून रक्तस्राव होण्याची शक्यता. ६० मिग्रॅ दर २४ तासांनी करावे, असे सुचवतो. आजचा डोस सकाळी ९ वाजता दिला आहे. रात्रीचा वगळून पुढचा उद्या सकाळी ९ वाजता द्यावा. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन उद्या पुन्हा तपासावे.” खाली नाव, सही, तारीख आणि वेळ.

कंसातला जुना अहवाल महत्त्वाचा आहे. क्रिएटिनिन स्थिर असेल तरच हे सूत्र भरवशाचे. ते रोज चढत असेल, तर मूत्रपिंड प्रत्यक्षात आकड्यापेक्षा कमी काम करत असते. मग साध्या हेपॅरिनचा पर्याय सुचवावा लागतो. वजनही अंदाजाने नव्हे, काट्यावर केलेले हवे.

“डोस तपासावा” एवढेच लिहिले, तर काय करायचे ते डॉक्टरांना कळत नाही. “चुकीचा डोस लिहिला आहे” ही भाषाही टाळतात : आदेश लिहिला तेव्हा अहवाल आलेलाच नसेल, आणि केसपेपर हा दोष ठरवण्याचा कागद नव्हे.

रात्री ९ वाजता पुढचे इंजेक्शन असताना नोंद कोणी वाचेल म्हणून थांबता येत नाही. आधी डॉक्टरांना फोन करायचा, वॉर्डातील सिस्टरना कळवायचे आणि कोणाशी, किती वाजता बोलणे झाले ते नोंदीत घालायचे. आदेश बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचाच असतो. त्यांनी सूचना मान्य केली, वेगळा बदल केला की कारण देऊन नाकारली, हे शेवटी लिहिले की नोंद पूर्ण होते.